सराफाचं बिल, ओळीओळीने

दागिन्याच्या डबीत घडी घालून ठेवलेलं बिल बहुतेक घरांत एकदाच नीट उघडलं जातं. दागिना मोडीत द्यायची वेळ येते तेव्हा. काउंटरपलीकडचा माणूस वजन करतो, मणी वजा करतो, खडे वजा करतो आणि हातात येणारी रक्कम सांगतो. मग घरची मंडळी जुनं बिल शोधायला लागतात आणि ‘नेट वेट’, ‘वेस्टेज’, ‘मेकिंग’ हे शब्द पहिल्यांदा लक्ष देऊन वाचतात. विचारायचे ते सगळे प्रश्न घेताना, पैसे मोजण्याआधी विचारायचे होते, हे त्या काउंटरवर कळतं. सोन्याचा भाव आज ज्या उंचीवर आहे तिथे बिलातला दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडाही रुपयांत मोजावा लागतो. म्हणून या लेखात मी एकच बिल घेतलं आहे आणि त्याची प्रत्येक ओळ उकलून पाहिली आहे.

बिल मंगळसूत्राचं आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या लग्नासाठी ते पुण्यातल्या एका पेढीत पसंत केलं. पक्कं बिल फाडण्याआधी दुकानदार हिशेबाची चिठ्ठी देतात, ती आम्ही मागून घेतली आणि तिथेच बाकावर बसून वाचली. मंगळसूत्र मुद्दामच निवडलं, कारण महाराष्ट्रातल्या घराघरांत ते असतं आणि सोनं नसलेल्या वस्तूही त्यात भरपूर असतात. काळे मणी आहेत, पदकातले खडे आहेत. भाव रोज हलतो, म्हणून इथे गणिताच्या सोयीसाठी 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 11,000 रुपये धरला आहे. बाकी चिठ्ठी अशी होती:

एकूण वजन (ग्रॉस): 27.450 ग्रॅम
वजा काळे मणी: 3.180 ग्रॅम
वजा खडे: 0.670 ग्रॅम
निव्वळ वजन (नेट): 23.600 ग्रॅम
घट 6 टक्के: 1.416 ग्रॅम
आकारणीचं वजन: 25.016 ग्रॅम
सोन्याची किंमत: 2,75,176 रुपये
मजुरी, ग्रॅमला 550 रुपये: 15,097.50 रुपये
खड्यांची किंमत: 1,800 रुपये
जीएसटी 3 टक्के: 8,762.20 रुपये
हॉलमार्किंग, करासह: 53.10 रुपये
एकूण: 3,00,889 रुपये

पहिली ओळ एकूण वजनाची. काट्यावर जे जे ठेवलं त्या सगळ्याचं हे वजन. यात सोनं आहे, काळे मणी आहेत, पदकातले अमेरिकन डायमंड आहेत, आणि काढायला विसरले तर किमतीची चिठ्ठी आणि तिचा दोराही आहे. म्हणून दागिना काट्यावर जाताना टॅग काढायला सांगावा आणि पारडं रिकामं असताना काटा शून्य दाखवतोय ना ते पाहावं. सराफाच्या काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी होते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. काट्याचा आकडा ग्राहकाला दिसेल असा असायला हवा. चांगल्या पेढीत तो तसा असतोच. तसा नसेल तर काटा आपल्याकडे वळवायला सांगण्यात संकोच करायचं कारण नाही.

आता वजाबाकी. सगळ्या बिलात मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या या दोन ओळी, कारण इथे चुकलेला प्रत्येक मिलिग्रॅम पुढे सोन्याच्या भावाने विकला जातो. काळे मणी काचेचे असतात, त्यांची किंमत नगण्य. पण ते तारेत ओवलेले असतात आणि ती तार सोन्याची असते. तयार मंगळसूत्रातले मणी सुटे करून तोलता येत नाहीत. ते वजन ओवण्याआधी घेतलेलं असावं लागतं, किंवा अंदाजाने लावलेलं असतं. म्हणून विचारायचा प्रश्न साधा आहे: हे 3.180 कुठून आलं?

आम्ही तो विचारला. काउंटरवरच्या गृहस्थांनी आत जाऊन कारखान्याची चिठ्ठी पाहिली आणि सांगितलं, वजन ओवण्याआधीचं आहे. तरी खात्री करायची म्हणून त्याच जातीच्या सुट्या मण्यांची एक सर मागितली. त्यातले 100 मणी मोजून काट्यावर ठेवले. वजन भरलं 0.900 ग्रॅम, म्हणजे एका मण्याचे 9 मिलिग्रॅम. मग दोघांनी मिळून मंगळसूत्रातले मणी मोजले, ते 360 निघाले. म्हणजे 3.240 ग्रॅम. चिठ्ठीतल्या आकड्यापेक्षा 60 मिलिग्रॅम जास्त. भावात धरलं तर 660 रुपयांचा फरक. काचेचे मणी सगळे एकाच मापाचे नसतात. एवढा फरक त्यात बसतो आणि मी तो मान्य केला. पण समजा मणी 3.600 ग्रॅम असते आणि वजा 3.180 च केले असते, तर 420 मिलिग्रॅम काच सोनं म्हणून विकली गेली असती. त्या काचेवर 6 टक्के घट आणि मग 3 टक्के कर लागून तिची किंमत झाली असती पाच हजारांच्या वर. मणी मोजायला पाच-सात मिनिटं लागली आणि दुकानात कोणाचंही बिघडलं नाही.

खड्यांचं वजन तपासणं त्याहून सोपं, पण तिथे एक जागा आहे जिथे माणूस हमखास गोंधळतो. खडे आणि हिरे कॅरेटमध्ये तोलतात आणि सोन्याची शुद्धताही कॅरेटमध्येच सांगतात. खड्याचा एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. आमच्या चिठ्ठीच्या मागे खडे ‘3.35 कॅरेट’ लिहिले होते. 3.35 ला 0.2 ने गुणलं की 0.670 ग्रॅम येतात, तेवढेच वजा केलेले होते. हा गुणाकार स्वतः करून पाहावा. वजा केलेला आकडा कॅरेटच्या गणिताशी जुळत नसेल तर कारण विचारावं. हिऱ्याच्या दागिन्यात तर कॅरेटमध्ये लावलेली हिऱ्याची किंमत आणि ग्रॅममध्ये वजा केलेलं हिऱ्याचं वजन या दोन वेगळ्या ओळी असायलाच हव्यात. हिऱ्यांची किंमत लावली आणि वजन मात्र वजा केलं नाही, तर तोच हिरा आपण दोनदा विकत घेतो. एकदा हिऱ्याच्या भावाने, दुसऱ्यांदा सोन्याच्या.

काही पारंपरिक दागिन्यांत ही वजाबाकी दिसतच नाही. कोल्हापूरच्या गुजरीत साज पाहायला बसलात तर पानड्या उचलून पाहा, वजनाला भरीव लागतात. आत बऱ्याचदा लाख भरलेली असते. पातळ पत्र्याचा आकार करायचा, आत लाख ओतायची, मग वर नक्षी उठवायची. लाखेशिवाय तो पत्रा ठोके सोसत नाही, दबतो. लाख भरणं ही त्या कामाची गरज आहे, फसवणूक नव्हे. पण लाखेचं वजन सोन्याच्या भावाने लावणं ही फसवणूक आहे. भरलेल्या लाखेचं वजन बाहेरून कळत नाही. ते कारागिराने भरण्याआधी घेतलेल्या पोकळ वजनावरूनच कळतं. मोडीत देताना मात्र दागिना गाळतात, लाख जळून जाते आणि खरं वजन सगळ्यांसमोर येतं. म्हणून साज, लाखेचे गोठ किंवा तोडे घेताना बिलावर ‘वजा लाख’ अशी ओळ लिहून मागावी. तन्मणी किंवा चिंचपेटीतले मोती आणि ठुशीचा गोंडा यांनाही हेच लागू आहे. जे सोनं नाही ते बिलावर वजा झालेलं दिसलं पाहिजे.

वजाबाकीनंतर उरतं ते निव्वळ वजन, 23.600 ग्रॅम. उरलेलं सगळं बिल या एका आकड्यावर उभं राहायला हवं. पुढच्या ओळी वाचताना मी दरवेळी हाच प्रश्न विचारतो: ही ओळ निव्वळ वजनावर लावली आहे, की दुसऱ्या कुठल्या वजनावर?

भावाची ओळ पटकन तपासून होते. दागिना 22 कॅरेटचा, म्हणजे हजार भागांत 916 भाग शुद्ध सोनं. बाजारात 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 12,000 असेल तर त्याच्या 0.916 पट म्हणजे 10,992. दुकानाने 11,000 लावला, तो फरक ग्रॅममागे आठ रुपयांचा आहे आणि चालण्यासारखा आहे. मुंबईच्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे भाव दिवसातून दोनदा जाहीर होतात आणि त्यात कर धरलेला नसतो. वर्तमानपत्रातला किंवा दुकानाच्या पाटीवरचा भाव करासकट आहे की करावाचून, हे विचारून घ्यावं. नाहीतर आपण करासकट भाव मान्य करतो आणि खाली पुन्हा 3 टक्के लागतात. 22 कॅरेटच्या दागिन्याला 24 कॅरेटचा भाव लावला गेला असता तर आमच्या बिलात 25,016 रुपये जास्त गेले असते. अशी चूक नेहमी होते असं नाही, पण भावाशेजारी कॅरेट लिहिलेलं नसेल तर ती लक्षातही येत नाही.

आता घट. कारागीर हाताने दागिना घडवतो तेव्हा सोनं खरोखर कमी होतं. मुशीत वितळवताना, तार ओढताना, कानस मारताना, डाख देताना, शेवटी पॉलिश करताना कण उडतात. मुंबईत झवेरी बाजार आणि काळबादेवीच्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांवर कारागिरांच्या खोल्या आहेत. अशा खोलीत पाहा, कारागीर बसतो त्या जागेची झाडलोट केराच्या टोपलीत जात नाही, ती वेगळ्या डब्यात जमते. हात धुतलेलं पाणीही टाकून देत नाहीत, ते साचवून त्याचा गाळ काढतात. दागिना पुसलेलं फडकंसुद्धा जपून ठेवतात आणि पुढे जाळून त्याची राख करतात. सोनाराच्या दुकानासमोरची माती धुऊन त्यातले कण काढणारे झारेकरी हे आपल्याकडचे जुने व्यावसायिक. आणि सांगली जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गावांतून निघालेले गलाईवाले आज देशभरच्या सराफ बाजारांत बसलेले आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं हाच त्यांचा धंदा. कारखान्याच्या झाडलोटीतलं बरंचसं सोनं अशा हातांतून पुन्हा सोनं होऊन मालकाकडे परत जातं.

म्हणजे घट खरी आहे, पण गेलेलं सगळं सोनं बुडीत नसतं. यंत्रावर विणलेली साखळी, साच्यात ओतलेलं पदक, मशीन कटच्या बांगड्या यांत तर हाताच्या कामाच्या मानाने घट फार थोडी. तरीही बिलावर घट टक्क्यांत लागते आणि मशीनच्या मालालाही लागते. त्यामुळे बिलातल्या घटीला मी सोन्याची तूट मानत नाही. ती किमतीचाच एक भाग आहे, वजनाच्या रूपात मांडलेला. सराफाचं भाडं, कामगारांचे पगार, डिझाइन, दुकानात अडकलेल्या मालावरचं व्याज, नफा हे सगळं कुठून तरी निघायला हवं आणि ते घेण्याचा त्याचा हक्क आहे. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. वजनात मांडलेली किंमत ग्राहकाच्या डोळ्यांना किंमत म्हणून दिसत नाही. ‘घट सहाच टक्के’ ऐकताना कोणी 15,576 रुपये ऐकत नाही. 1.416 ग्रॅमला 11,000 ने गुणलं की ते होतात. शिवाय घट टक्क्यांत असल्यामुळे सोन्याचा भाव वाढला की तीही आपोआप वाढते, कारागिराचं काम तेवढंच राहिलं तरी.

घटीत दोन गोष्टी तपासायच्या. ती निव्वळ वजनावर लावली आहे का, हे पहिलं. ग्रॉसवर 6 टक्के लावली असती तर 27.450 वर 1.647 ग्रॅम झाली असती, म्हणजे काचेच्या मण्यांचीही घट आपण भरली असती. दुसरं असं की मजुरी टक्क्यांत असेल तर ती कशावर लावली आहे? घट मिळवलेल्या वजनाच्या किमतीवर पुन्हा मजुरीचे टक्के लावले तर टक्क्यावर टक्का चढतो. आमच्या चिठ्ठीत घट निव्वळ वजनावर होती. ती बरोबर होती.

मजुरी मात्र तशी नव्हती. ‘ग्रॅमला 550’ असं तोंडी सांगितलं होतं आणि दर तोच लागला होता. पण 15,097.50 ला 550 ने भागलं तर 27.450 येतात. म्हणजे मजुरी एकूण वजनावर लावली होती, त्यात काळे मणी आले आणि खडेही आले. निव्वळ वजनावर ती 12,980 रुपये व्हायला हवी. फरक 2,117.50 रुपये, त्यावरचा कर वेगळा. काउंटरवर दाखवलं तेव्हा त्या गृहस्थांनी काही वाद घातला नाही. मण्यांची ओवणी आणि खड्यांचं बसवणंही मजुरीतच धरतात, असं म्हणाले. या म्हणण्यात तथ्य आहे, मणी ओवायला हात लागतातच. मग ती ओवणी वेगळी लिहा, असं आम्ही म्हटलं. त्यांनी ती न लावता मजुरी निव्वळ वजनावर करून दिली. घटीच्या टक्क्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. मजुरीत सवलत मिळते, घटीत सहसा मिळत नाही, असा अनुभव सांगणारे मला बरेच भेटले. सणासुदीच्या जाहिरातीत ‘मजुरीवर इतके टक्के सूट’ असं ठळक अक्षरांत असतं तेव्हा घटीचा टक्का किती, हे त्याच पानावर शोधून पाहा.

आता सगळ्यात उपयोगी गणित. घट आणि मजुरी दोन्ही रुपयांत आणायची, बेरीज करायची आणि निव्वळ वजनाने भागायची. पहिल्या चिठ्ठीत घटीचे 15,576 आणि मजुरीचे 15,097.50, मिळून 30,673.50. भागिले 23.600. ग्रॅमला जवळपास 1,300 रुपये. म्हणजे ‘ग्रॅमला 550’ सांगितलेली मजुरी घटीसकट पाहिली तर ग्रॅमला 1,300 होती, सोन्याच्या किमतीच्या 11.8 टक्के. दुरुस्तीनंतर ती 1,210 झाली.

या एका आकड्याने दुकानादुकानांची तुलना करता येते, नाहीतर येत नाही. त्याच मंगळसूत्राला दुसरी पेढी म्हणाली असती, ‘घट काही नाही, फक्त 12 टक्के मजुरी’, तर ऐकायला ती खूप महाग वाटली असती. पण 2,59,600 च्या सोन्यावर 12 टक्के म्हणजे 31,152. आमच्या पहिल्या चिठ्ठीपेक्षा केवळ 478 रुपये जास्त. तिसरी पेढी म्हणाली असती, ‘घट 4 टक्के, मजुरी ग्रॅमला 700’, तर 700 हा आकडा 550 पेक्षा मोठा म्हणून लोक उठून गेले असते. पण घटीचे 10,384 आणि निव्वळ वजनावर मजुरीचे 16,520 मिळून 26,904 होतात, ग्रॅमला 1,140. तिघांत तीच स्वस्त. नक्षीकाम, तारकाम, हाताचं खोदकाम असेल तर ग्रॅममागचा आकडा जास्त असायलाच हवा आणि तो आनंदाने द्यावा. साध्या मशीनच्या साखळीला तोच आकडा पडत असेल तर दुसरं दुकान पाहावं.

करात लोक जास्त अडखळतात. तयार दागिना विकत घेतो तेव्हा सोनं, घट, मजुरी, खडे या सगळ्या किमतीवर मिळून 3 टक्के जीएसटी लागतो. महाराष्ट्रातल्या दुकानाच्या बिलावर तो दीड टक्का केंद्राचा आणि दीड टक्का राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. मजुरीवर 5 टक्के लागतात असं बरेच जण सांगतात. तो दर घडणावळीच्या कामाचा आहे, म्हणजे सोनं आपलं आणि घडवून दिलं नोंदणीकृत कारागिराने, तेव्हाचा. दुकानातून तयार दागिना घेताना मजुरीची ओळ वेगळी काढून तिच्यावर 5 टक्के लावलेले दिसले तर कारण विचारावं. कर आधीच्या सगळ्या ओळींवर बसतो. म्हणून आमच्या बिलात मजुरी दुरुस्त झाली तेव्हा त्यामागचे 63 रुपये करही कमी झाले. पक्क्या बिलावर दुकानाचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो, गोव्यात 30 ने. ‘बिल नको असेल तर कर वाचतो’ असं कोणी म्हणालं तर वाचतात ते आपले 3 टक्के, आणि जातो तो तक्रार करण्याचा सगळा आधार.

जुनं सोनं देऊन नवं घेताना कराचा प्रश्न पुन्हा येतो. आपण दिलेलं सोनं हे पैशांच्या जागी दिलेलं असतं, त्यामुळे कर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, फरकावर नाही. घरातलं सोनं सराफाला विकताना आपल्याला जीएसटी भरावा लागत नाही. पण त्या वेळी ‘घट’ हा शब्द पुन्हा भेटतो, या वेळी उलट्या बाजूने. गाळताना तूट येते म्हणून काही टक्के कापतात. दागिना घेताना घट आपण भरायची आणि देतानाही आपणच भरायची. हा कापणारा टक्का नवा दागिना पसंत करण्याआधी विचारावा, कारण हौसेने पसंत केलेला दागिना डब्यात बसल्यावर घासाघीस करायला कोणाचं मन धजत नाही.

शेवटची ओळ 53 रुपयांची, हॉलमार्किंगची. दागिन्यामागे 45 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर. वजन कितीही असो, आकार दागिन्यावर आहे. ग्रॅमप्रमाणे हॉलमार्किंग लावलेलं दिसलं तर ते चूक. 16 जून 2021 पासून देशातल्या 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि पुढे जिल्हे वाढत गेले. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा पाहायच्या: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 अशी शुद्धता आणि एचयूआयडी. भिंगातून तो क्रमांक वाचून मोबाइलवरच्या BIS Care अ‍ॅपमध्ये Verify HUID इथे टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. अ‍ॅपमध्ये ‘अंगठी’ दिसतेय आणि हातात मंगळसूत्र आहे, असं झालं तर दागिना परत ठेवावा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला ही सक्ती नाही, तिथे बिलावर लिहिलेली शुद्धता हाच आपला आधार.

हॉलमार्क काय सांगतो याची मर्यादाही ओळखायला हवी. तो सांगतो ते शुद्धतेबद्दल. मणी किती वजा केले, घट किती लावली, मजुरी कशावर लावली याबद्दल तो काहीही सांगत नाही. शुद्धता कमी निघाली तर मात्र कायदा बळकट आहे. 2018 च्या भारतीय मानक ब्युरो नियमांप्रमाणे, कमी भरलेल्या शुद्धतेची विकलेल्या वजनावर जी रक्कम होते तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा आहे. शंका असेल तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात दागिना नेता येतो, चार दागिन्यांपर्यंत तपासणीला 200 रुपये लागतात. या भरपाईच्या गणितात लागतं ते बिलावरचं वजन आणि बिलावरची शुद्धता.

घरात सोनं घेताना ‘गुंतवणूक’ म्हणून बोललं जातं, म्हणून हे एक गणित त्या मुलीच्या आईबाबांना मी करून दाखवलं. पहिल्या चिठ्ठीप्रमाणे पैसे दिले असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच भावाने मंगळसूत्र विकलं असतं, एक रुपयाही कापला नाही असं धरून, तर हाती आले असते निव्वळ वजनाचे 2,59,600. दिले 3,00,889. मध्ये गेलेले 41,289 म्हणजे घट, मजुरी, खडे, कर आणि हॉलमार्किंग. 22 कॅरेटचा भाव 11,000 वरून 12,750 झाला तरच ती बरोबरी होते, म्हणजे जवळपास 16 टक्के वाढ. दागिना अंगावर घालण्यासाठी घ्यावा, त्याच्या घडणीचे पैसे द्यावेत, ते योग्यच आहे. नुसतं सोनं साठवायचं असेल तर दागिना हा त्यासाठी महागडा मार्ग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नात मंगळसूत्र तर घ्यायचंच होतं. आईबाबांनी ते घेतलं आणि त्याच्याबरोबर घ्यायच्या बांगड्यांच्या जोडीऐवजी वळं घेतलं.

मानक ब्युरोच्या नियमांत हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर काय असायलाच हवं ते ठरवून दिलं आहे: दागिन्याचं वर्णन, मौल्यवान धातूचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धतेचा आकडा, आणि हॉलमार्किंगचा आकार वेगळा. या धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला काही घेणार असाल तर यातली एखादीही गोष्ट नसेल तर ते बिल स्वीकारू नका. मणी, खडे, लाख यांचं वजन वेगळं लिहून मागा, घट आणि मजुरी कुठल्या वजनावर लावली ते लिहून मागा, आणि पेढी तोच दागिना परत घेताना किती टक्के कापेल हेही त्याच बिलावर सहीनिशी मागा. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा, कारण ती शाई काही वर्षांत उडून जाते.